जुन्या साहेबांना काय विचारावे? नोकरी देण्यापूर्वीच्या चौकशीचा आढावा

दिवा जंक्शनवरून रोज कामाला निघणारी माणसे अनेक दिशांनी पांगतात. कोणी ठाण्याला उतरून वागळे इस्टेट गाठतो, कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत जातो. वसईच्या गाडीने भिवंडी रोडला उतरून गोदामांत जाणारे आहेत, पनवेलच्या गाडीने तळोज्याच्या कारखान्यांत जाणारे आहेत आणि शिळफाट्यावरून महापे गाठणारेही आहेत. दोन-तीन वर्षांनी यातला एखादा नोकरी बदलतो, तेव्हा दिशाही बदलते. त्याचे जुने काम पाहिलेला माणूस भिवंडीच्या गोदामात असतो आणि नवा मालक डोंबिवलीच्या गाळ्यात. दोघांची ओळख नसते. उमेदवाराच्या कागदावर मात्र दोन नावे आणि दोन मोबाइल नंबर ‘रेफरन्स’ म्हणून लिहिलेले असतात.

त्या नंबरांवर फोन करावा का, केला तर काय विचारावे आणि मिळालेल्या उत्तराला किती किंमत द्यावी, यावर मालक, एचआरची मंडळी, संशोधक आणि वकील यांची मते वेगवेगळी आहेत. ती कुठवर आली आहेत ते इथे पाहायचे आहे. दिवा-डोंबिवली-भिवंडी हा पट्टा समोर ठेवला आहे, कारण या विषयावरची बरीच पुस्तके मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या पदांसाठी लिहिलेली आहेत आणि इथल्या नेमणुका चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्यांत होतात.

ओळखीपासून कागदापर्यंत

मुंबईच्या कापड गिरण्यांत ही चौकशी जॉबर करत असे. खात्यावर माणूस घेणे, काढणे आणि त्याच्याकडून काम करून घेणे हे सगळे त्याच्या हाती होते. तो बहुतेकदा आपल्या गावाकडचा, नात्यातला किंवा चाळीतला माणूस आणी. त्यामुळे माणसाची माहिती त्याला पक्की असे आणि नवा कामगार बिघडला तर त्याचा जाब जॉबरला द्यावा लागे. या व्यवस्थेत खरी ताकद होती. तिचा दोषही तितकाच उघड होता: कामासाठी दस्तुरी द्यावी लागे आणि जॉबरच्या ओळखीबाहेरच्या चांगल्या कारागिराला दार बंद राही. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असे सुचवले. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. कोणाला बदलीवर घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीऐवजी कार्डावरून ठरावे, हा तिचा हेतू होता.

तेव्हापासून विश्वास माणसाकडून कागदाकडे सरकत गेला. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या केंद्रीय नमुना नियमांत, नोकरी संपताना कायम कामगाराला सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क नमूद केला गेला. २००५ मध्ये पुण्याच्या एका कॉल सेंटरमधल्या माणसांनी परदेशी बँकग्राहकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकरण गाजले. पुढच्याच वर्षी नॅसकॉमने माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची पडताळलेली नोंदवही सुरू केली. २०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधीसाठी यूएएन क्रमांक आला आणि एका माणसाच्या नावावर कुठल्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले गेले, हे एका ठिकाणी दिसू लागले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघड झाली. त्यानंतर राज्य सरकारने शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या, ठेकेदाराकडून आलेल्यांच्याही, पोलीस पडताळणीवर भर दिला. लहान मुले, रोख पैसा किंवा औषधे हाताळणाऱ्या जागांसाठी पोलिसांचा हा दाखला मागणे योग्यच आहे. पण तो नोंदलेल्या गुन्ह्यांपुरताच बोलतो, हे विसरता येत नाही.

एकाच नावाखालच्या दोन गोष्टी

या विषयावरचा बराच गोंधळ दोन वेगळ्या कामांना एकच नाव दिल्याने होतो. पहिले काम पडताळणीचे: हा माणूस तोच आहे का, तो तिथे खरेच होता का, तारखा आणि हुद्दा जुळतो का, प्रमाणपत्र खरे आहे का. दुसरे काम रेफरन्सचे: त्याने ते काम कसे केले.

पहिल्याची उत्तरे कागदावर मिळतात आणि त्यासाठी कोणाच्या मताची गरज नाही. उमेदवाराने स्वतःच्या मोबाइलवर ईपीएफओची सेवा-नोंद उघडून दाखवली की तारखा समजतात. अनुभवाच्या दाखल्यावर जीएसटी क्रमांक असेल तर सरकारी पोर्टलवर तो टाकून संस्थेचे नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही पाहता येते. इथे एक सावधगिरी हवी. पीएफची नोंद नसणे म्हणजे अनुभव खोटा असे नव्हे. या पट्ट्यात रोखीने पगार देणारे, पगाराची स्लिप न देणारे मालक कमी नाहीत, आणि त्यांच्या चुकीची शिक्षा कामगाराला होऊ नये. नोकरी सोडल्याची तारीख न भरणेही जुन्या मालकाच्या बाजूने राहून जाते. अशा वेळी बँकेच्या पासबुकातल्या जमा रकमा किंवा गेटपासही पुरावा म्हणून चालतात.

पत्त्याच्या पडताळणीतही असाच घोळ होतो. दिव्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आधार कार्डावर रत्नागिरीचा पत्ता, बँकेत दिवा पूर्वेच्या जुन्या चाळीचा आणि राहायला तिसरीकडेच, असे सहज घडते. पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा माणूस जुन्या दारावर जाऊन परततो आणि अहवालात ‘पत्ता जुळला नाही’ असा शेरा येतो. त्यावर उमेदवाराला विचारल्याशिवाय निर्णय घेणे अन्यायाचे आहे.

संशोधन कुठवर आले आहे

दुसऱ्या कामाबद्दल, म्हणजे कामगिरी समजून घेण्याबद्दल, संशोधकांचे निष्कर्ष बराच काळ निराशाजनक होते. निवडीच्या निरनिराळ्या पद्धती आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांचा संबंध शून्य ते एक या मापात मोजतात. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा गोषवारा मांडला. त्यात रेफरन्सला ०.२६, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीला ०.५१ आणि कामाच्या नमुना-चाचणीला ०.५४ असा आकडा आला. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आधीच्या हिशेबातल्या दुरुस्त्या जास्तीच्या होत्या असे दाखवून हे आकडे खाली आणले. ठरावीक प्रश्नांची मुलाखत त्यांच्या हिशेबात ०.४२ वर आली, तरी ती यादीत वरच राहिली.

शिफारसपत्रांबद्दलचा १९८१ मधला बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. एकाच माणसाबद्दल दोघांनी लिहिलेल्या पत्रांत फारसे साम्य नव्हते. एकाच लेखकाने दोन वेगळ्या माणसांबद्दल लिहिलेल्या पत्रांत मात्र ते जास्त होते. म्हणजे पत्रातून लिहिणारा अधिक कळत होता आणि ज्याच्याविषयी लिहिले तो कमी. ‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ’ असा दाखला हातात आल्यावर तो देणाऱ्या साहेबांची ही नेहमीचीच वाक्ये असतील, ही शंका म्हणूनच रास्त आहे.

मात्र चित्र इथेच थांबत नाही. टेलर आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये फोनवरच्या चौकशीचा अभ्यास करून तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक उमेदवाराबद्दल तेच प्रश्न, ठरलेल्या मापावर उत्तर, आणि प्रश्न कामातल्या वागणुकीबद्दल, अशी शिस्त पाळल्यावर मिळालेल्या उत्तरांचा नंतरच्या कामगिरीशी खरा संबंध दिसला. त्यांचे उमेदवार ग्राहकांशी थेट संबंध येणाऱ्या कामांचे होते. हाच निष्कर्ष स्टोअरकीपर किंवा वेल्डरला जसाच्या तसा लागू होतो असे म्हणता येत नाही. तरी एवढे दिसते की रेफरन्सचा कमकुवतपणा बराचसा विचारण्याच्या पद्धतीत आहे.

तीन बाजू

मालकांमध्ये आणि एचआरच्या लोकांत यावर तीन भूमिका दिसतात.

पहिली भूमिका मोठ्या कंपन्यांची. जुन्या कर्मचाऱ्याबद्दल विचारले तर नोकरीच्या तारखा, हुद्दा आणि फार तर ‘पुन्हा घेण्यास पात्र’ एवढेच सांगायचे. बाकीचे बोलायचे नाही, कारण वाईट बोललो तर बदनामीचा दावा आणि चांगले बोललो व तो माणूस बिघडला तर बोल. या भूमिकेत कर्मचाऱ्याचेही थोडे संरक्षण आहे: एखाद्या सूड धरणाऱ्या साहेबाला त्याचे नुकसान करता येत नाही. तोटा असा की उत्तम काम केलेला आणि कसाबसा टिकलेला, दोघांना एकच कागद मिळतो.

दुसरी भूमिका उघड आणि सविस्तर बोलण्याची. अमेरिकेत ब्रॅडफर्ड स्मार्ट आणि नंतर जेफ स्मार्ट व रँडी स्ट्रीट यांनी तिला पद्धतीचे रूप दिले. मुलाखतीतच उमेदवाराला प्रत्येक जुन्या साहेबाचे नाव विचारायचे आणि पुढचा प्रश्न असा ठेवायचा: ‘मी त्यांच्याशी बोललो तर ते तुमच्याबद्दल काय सांगतील?’ फोन होणारच आहे हे समजल्यावर उत्तर बरेच सरळ येते. मग खरोखर फोन करायचा आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवायची. फोन जुळवून देण्याची जबाबदारीही उमेदवाराचीच. जो आपल्या तीन जुन्या साहेबांशी बोलणे घडवून आणू शकतो, त्याने तिथले संबंध नीट ठेवले असा त्याचा अर्थ घेतला जातो. या पद्धतीची मर्यादा आपल्याकडे लगेच जाणवते. गोदामातल्या हमालाचा किंवा हेल्परचा जुना सुपरवायझर त्याच्यासाठी वीस मिनिटे फोनवर बोलेल का, हे कामगाराच्या कामापेक्षा सुपरवायझरच्या स्वभावावर अवलंबून असते.

तिसरी भूमिका गुपचूप चौकशीची. कागदावरची नावे सोडून आपल्या ओळखीच्या माणसाला विचारायचे. डोंबिवली एमआयडीसीत एका फेजमधला मालक दुसऱ्या फेजमधल्या मालकाला फोन करतो, ती हीच पद्धत. तिचे समर्थक म्हणतात की उमेदवाराने निवडून दिलेली माणसे त्याच्या बाजूचीच असणार. हे खरे आहे. पण इथे दोन धोके आहेत. उमेदवार अजून त्या जागी नोकरीत असेल तर या फोनने त्याची चालू नोकरी जाऊ शकते. आणि ऐकीव मत देणाऱ्याने त्याचे काम कधी पाहिलेलेच नसते. माझ्या मते उमेदवाराच्या चालू मालकाला त्याच्या संमतीशिवाय फोन करणे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही. जुन्या ठिकाणी बाहेरून चौकशी करायची असेल, तर ‘तिथल्या आणखी एक-दोघांशी मी बोलेन’ एवढे आधी सांगून ती करता येते.

एक नमुना: स्टोअरकीपरची जागा

प्रश्नांची यादी नुसती वाचून फारसे समजत नाही, म्हणून एक कल्पित पण या भागात रोज घडण्यासारखी नेमणूक पाहू. डोंबिवली एमआयडीसी फेज दोनमधल्या पॅकिंगचे सामान बनवणाऱ्या चाळीस माणसांच्या कारखान्याला स्टोअरकीपर हवा आहे. उमेदवार दिवा पूर्वेला राहतो. भिवंडीच्या एका गोदामात त्याने तीन वर्षे काम केले आहे आणि ती नोकरी त्याने सोडली आहे. मुलाखतीत तो म्हणतो, ‘मी आल्यावर स्टॉकमधला फरक कमी झाला.’

पहिला निर्णय कोणाला फोन करायचा हा. गोदामाचा मालक हुद्द्याने मोठा, पण त्याने हे काम जवळून पाहिलेले नाही. काम पाहिले ते गोदाम मॅनेजरने आणि महिनाअखेरीस स्टॉक जुळवणाऱ्या अकाउंटंटने. दोघांची नावे उमेदवाराकडूनच घ्यावीत. नंबर मात्र शक्य तर संस्थेच्या बिलावरचा किंवा पाटीवरचा घ्यावा आणि तिथून त्या माणसाला मागावे, कारण कागदावर लिहिलेला मोबाइल मित्राचा असू शकतो. वेळ विचारून फोन करावा. दुपारी गाड्या उतरत असताना कोणीही नीट बोलत नाही.

सुरुवातीचे प्रश्न साक्षीदाराची जागा ठरवण्यासाठी असतात. ‘तो तुमच्या हाताखाली होता का, किती काळ? तुम्ही रोज एकाच ठिकाणी बसत होता का?’ इथेच कधी कळते की समोरचा माणूस उमेदवार जाण्याच्या दोन महिने आधी तिथे आला होता. मग त्याचे मत तेवढ्यापुरतेच धरायचे.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष कामाचा. ‘दिवसाला साधारण किती गाड्या उतरायच्या? माल मोजून इनवर्डच्या नोंदीवर सही कोणाची असे? परत आलेल्या मालाची नोंद कोण करी?’ हे प्रश्न निरुपद्रवी वाटतात आणि म्हणूनच उत्तर मोकळे येते. उमेदवाराने सांगितलेली जबाबदारी खरी होती की तो दुसऱ्याला मदत करत होता, ते इथे उघड होते.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो एका घटनेबद्दल असावा. ‘तो कसा होता?’ असे विचारले तर मॅनेजर म्हणेल, ‘चांगला मुलगा आहे, काही तक्रार नाही.’ त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असे विचारावे: ‘वर्षाच्या मोजणीत माल कमी भरल्याचा एखादा प्रसंग आठवतो का? तेव्हा त्याने काय केले?’ समजा मॅनेजर आठवून सांगतो की दिवाळीनंतरच्या मोजणीत दोन वस्तू कमी भरल्या. फुटलेल्या खोक्यांची वेगळी वही याने ठेवली होती आणि त्यातून एका वस्तूचा हिशेब लागला. दुसरीचा लागला नाही, कारण संध्याकाळी गाड्या लवकर सोडायच्या दबावाखाली तो न मोजता सही करत असे. एका प्रसंगातून दोन गोष्टी समजल्या: नोंद ठेवण्याची सवय आहे, आणि दबावाखाली मोजणी सुटते.

आता अकाउंटंट. त्याला हाच प्रसंग विचारावा, पण मॅनेजर काय म्हणाला ते सांगू नये. तो वहीची गोष्ट स्वतःहून सांगत असेल तर ती पक्की धरावी. समजा तो आणखी सांगतो की परत आलेल्या मालाची नोंद नेहमी तीन-चार दिवस मागे असे. मॅनेजरच्या लक्षात ही बाब आलेली नव्हती, कारण तिचा त्रास अकाउंटंटला होत होता. दोन साक्षीदार वेगवेगळ्या जागी बसलेले असावेत ते यासाठी.

तुलनेचा प्रश्न पुढे येतो. ‘या जागेवर तुम्ही आणखी किती जण पाहिलेत? त्यांत हा कुठे बसतो, आणि त्याच्या वरचा जो आहे तो काय वेगळे करी?’ दहापैकी गुण मागितले तर बहुतेक जण आठ देतात. खरी माहिती ‘उरलेले दोन कशासाठी कापले?’ याच्या उत्तरात असते. ‘तो गेल्यावर काय बदलले?’ हाही उपयोगी प्रश्न आहे. कुठली नोंद बंद पडली, कोणाला जास्त थांबावे लागले, यावरून त्याने नेमके काय सांभाळले होते ते दिसते.

हजेरीचा प्रश्न या भागात विशेष काळजीने विचारावा लागतो. मॅनेजर सांगतो, ‘महिन्यातून चार-पाच वेळा उशीर.’ हे ऐकून फोन ठेवला तर चूक होईल. उशीर कोणत्या वेळी होई, तो आधी कळवत असे का, उशिरा आल्यावर काम पूर्ण करूनच जाई का, हे पुढे विचारावे. दिवा ते भिवंडी रोड या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली की दुसरीपर्यंत बराच वेळ जातो. दिव्यात भरलेल्या गाडीत चढता न येणे हा जुना प्रश्न आहे. २ जानेवारी २०१५ ला तिथे मोठा रेल रोको झाला, आणि जलद गाड्यांना दिव्यात थांबा मिळायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. डोंबिवलीला जाणाऱ्याला कोपरनंतर लगेच उतरायचे असते आणि पर्यायी गाड्याही भरपूर. भिवंडीतला उशीर डोंबिवलीत राहीलच असे नाही. न कळवता उशिरा येण्याची सवय मात्र माणसाबरोबर येते. मॅनेजरने ‘कळवायचा’ असे सांगितले तर ही बाजू जवळजवळ मिटते.

शेवटी दोन प्रश्न. ‘तो परत आला तर घ्याल का, आणि कोणत्या कामावर?’ नुसत्या ‘हो’पेक्षा कोणत्या कामावर, याचे उत्तर अधिक सांगते. दुसरा, कारखान्यातले काम थोडक्यात सांगून: ‘पहिल्या तीन महिन्यांत याला कुठे मदत लागेल?’ या प्रश्नात निंदा करावी लागत नाही. त्यामुळे दोष सांगायला कचरणारा माणूसही इथे बोलतो.

या नेमणुकीत माझा कल उमेदवाराला घेण्याकडे राहील. पहिले तीन महिने संध्याकाळच्या इनवर्डवर दुसरी सही ठेवावी आणि परत मालाची नोंद त्याच दिवशी पूर्ण करण्याचा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. मुलाखतीतून हे दोन उपाय सुचले नसते.

उत्तर कुठे फसवते

नकारार्थी उत्तरामागे बऱ्याचदा पैशाचा वाद असतो. उचल फेडली नाही, नोटीस न देता गेला, शेवटचा पगार अडकला, अशा वेळी जुना मालक माणसालाच वाईट ठरवतो. म्हणून ‘हिशेब कसा मिटला?’ हे शांतपणे विचारावे आणि उमेदवाराची बाजूही ऐकावी. दोघेही रकमेवर बोलत असतील तर भांडण पैशाचे आहे. मालक कामातल्या घटना सांगत असेल तर ते वेगळे. उलट बाजूने, अवाजवी कौतुक करणारा मालक कधी आपल्याकडचा नकोसा माणूस दुसरीकडे पाठवू पाहत असतो. घटना मागितली की त्याला एकही आठवत नाही, ही त्याची खूण.

दोन रेफरन्स शब्दशः सारखे बोलले तर दोघांना सांगून ठेवलेले असण्याची शक्यता धरावी. फोन न उचलण्याचा अर्थ मात्र काढू नये. अमेरिकी लेखक पिअर मॉर्नेल यांनी १९९८ च्या पुस्तकात निरोप ठेवण्याची युक्ती सांगितली होती: उमेदवार फार उत्तम असेल तरच परत फोन करा. शांतता म्हणजे नापसंती, असा त्यामागचा तर्क. आपल्याकडे अनोळखी नंबर उचलायचाच नाही अशी सवय झाली आहे आणि निरोप ऐकणारेही थोडे. इथे ही युक्ती माणसावर अन्याय करेल.

कायद्याची बाजू

खरे बोललो तर बदनामीचा खटला होईल, ही भीती कितपत खरी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची व्याख्या आणि तिचे अपवाद जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मधून आले आहेत. आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान, आणि ज्याला सांगितले त्याच्या भल्यासाठी दिलेला इशारा, हे त्या अपवादांत बसतात. कायद्यातले उदाहरणच दुकानदाराचे आहे: अमुक माणसाच्या सचोटीबद्दल खात्री नाही, रोख दिल्याशिवाय त्याला काही विकू नकोस, असे तो आपल्या कारभाऱ्याला सांगतो. सद्भावनेत पुरेशी काळजी घेणे कायद्याला अपेक्षित आहे. स्वतः पाहिलेली घटना नोंदीच्या आधारे सांगणारा सुरक्षित बाजूला असतो. ‘चोर आहे’ असे पुराव्याशिवाय म्हणणारा नसतो.

इंग्लंडमध्ये १९९४ च्या स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की, रेफरन्स देणाऱ्यावर माजी कर्मचाऱ्याच्या बाबतीतही काळजी घेण्याची जबाबदारी आहे. निष्काळजीपणे लिहिलेल्या मजकुराने त्याची पुढची नोकरी बुडाली तर भरपाई मागता येते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका शाळेच्या प्रकरणात दुसरे टोक दाखवले: गंभीर गैरवर्तनाचे आरोप लपवून कौतुकाचे पत्र देणारेही जबाबदार ठरू शकतात. आपल्या न्यायालयांवर हे निर्णय बंधनकारक नाहीत, पण दोन्ही बाजूंची जोखीम त्यांत स्पष्ट दिसते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न माहितीच्या हक्काचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. ‘रोजगाराच्या कारणासाठी’ संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा कायद्यात आहे. पण अजून नोकरीवर न घेतलेला उमेदवार त्यात बसतो का, यावर एकमत नाही. वहीत लिहिलेली टिपणे या कायद्याबाहेर राहतात. तीच एक्सेलमध्ये उतरवली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की आत येतात. एकमत होईपर्यंत उमेदवाराची लेखी संमती आणि कोणाशी बोलणार त्यांची नावे घेऊन ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. रेफरन्समध्ये काय सांगितले गेले ते उमेदवाराला दाखवावे का, यावर मात्र दोन्ही बाजूंना वजन आहे. दाखवले तर सांगणारे तोंड बंद करतील. न दाखवले तर खोट्या आरोपाला उत्तर देण्याची संधीच मिळत नाही. बोलणाऱ्याचे नाव न घेता मुद्दा उमेदवारापुढे ठेवून खुलासा मागणे हा मधला मार्ग मला योग्य वाटतो. पण दोनच रेफरन्स असताना नाव झाकलेले राहत नाही.

दुसरा प्रश्न ठेक्यावरच्या कामगारांचा. कागदावर त्यांचा मालक ठेकेदार असतो आणि काम पाहिलेले असते मुख्य कारखान्याच्या सुपरवायझरने. ठेकेदाराला काम माहीत नाही. सुपरवायझर म्हणतो, ‘तो आमचा माणूस नव्हे.’ या दोघांच्या मधे चांगला कारागीर पुराव्याविना राहतो. पहिल्यांदा नोकरी शोधणारे आणि घर सांभाळून बऱ्याच वर्षांनी कामावर परतणाऱ्या स्त्रिया यांचीही हीच अडचण. त्यांच्यासाठी रेफरन्सचा हट्ट सोडून अर्ध्या दिवसाचे पगारी नमुना-काम देणे अधिक न्याय्य आहे, आणि संशोधनही नमुना-कामाच्या बाजूनेच आहे.

तिसरा प्रश्न वजनाचा. ठरावीक प्रश्नांची मुलाखत आणि नमुना-काम झाल्यावर रेफरन्समुळे निर्णय किती सुधारतो, याचे लहान कारखान्यांबद्दलचे उत्तर अभ्यासांत स्पष्ट मिळत नाही. माझे मत असे की, नेमणूक करावी की नाही हे रेफरन्सवर सोडू नये. निवडलेल्या माणसाला कुठे सांभाळून घ्यायचे ते ठरवायला तो वापरावा. सचोटीबद्दलची ठोस, दोन ठिकाणांहून आलेली घटना हा एवढाच अपवाद.

या पट्ट्यातल्या मालकांकडे एक मागणी आहे आणि तिला खर्च नाही. काम सोडून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला, ठेक्यावरच्यालाही, एका पानाचा दाखला द्या. त्यावर तारखा, प्रत्यक्ष केलेले काम आणि ते पाहिलेल्या सुपरवायझरचे नाव असावे, आणि उचल किंवा नोटिशीचा वाद असला तरी तो अडवू नये.